बाल्कनीतली ही गांधीलमाशी आहे की साधी माशी? फोटो बघून सांगा (घोडबंदर रोड, ठाणे)

घोडबंदरची_मेधा

नमस्कार मंडळी. आम्ही कासारवडवलीच्या बाजूला सहाव्या मजल्यावर राहतो, मागच्या बाल्कनीतून येऊरचा डोंगर दिसतो, त्यामुळे पाऊस सुरू झाला की कुंड्यांवर रोज काहीतरी नवीन येऊन बसतं. गेले तीन दिवस तुळशीच्या मंजिऱ्यांवर एक किडा येतोय. दीड सेंटिमीटर असेल, गडद तपकिरी अंग, पोटावर पिवळे पट्टे, कंबर एकदम बारीक, पंख धुरकट तपकिरी. मिशा पण चांगल्या लांब दिसतात.

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि चूक झाली, कारण लगेच सगळ्यांचं ठरलं की ही गांधीलमाशी, कुठेतरी पोळं असणार, फवारणी करून घ्या. शनिवारी माणूस येणार आहे. पण माझा मुलगा, वय नऊ, परवापासून एकच धरून बसलाय, "आई हिला दोनच पंख आहेत, ही गांधीलमाशी नाही." मी तीन फोटो देतेय, एक वरून, एक बाजूने, एक फुलावर तोंड लावलेला. कृपया कोणीतरी जाणकाराने सांगा, शनिवारच्या आधी सांगितलंत तर फार बरं होईल.

सानपाडा_सुशांत

ताई शंभर टक्के गांधीलमाशी. काळा-पिवळा रंग आणि बारीक कंबर म्हणजे विषय संपला. मुलाला दोन पंख दिसले कारण गांधीलमाशीचे मागचे पंख लहान असतात आणि पुढच्यांच्या खाली लपतात, आमच्या गावी दाराला पोळं होतं तेव्हा मी मेलेली बघितलीये, चार पंख असतात पण नीट उलगडल्याशिवाय चार दिसत नाहीत. आणि साधी माशी कधी चावत नाही, तिला फक्त चाटता येतं, गांधीलमाशी चावते पण आणि डंख पण मारते. लांब रहा.

भिंगवाला

मेधाताई, मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या, त्याने बरोब्बर जिथे बघायचं तिथे बघितलंय. पण सुशांतचं एक म्हणणं पण खरं आहे आणि तेच आधी नीट समजून घेऊ, नाहीतर पंख मोजण्यात सगळे फसतात.

गांधीलमाशी, मधमाशी, कुंभारीण, या सगळ्या एकाच गणातल्या आणि सगळ्यांना चार पंख. मागचे दोन लहान. पण हे चार पंख सुटे नसतात. मागच्या पंखाच्या पुढच्या कडेला बारीक आकड्यांची एक ओळ असते आणि पुढच्या पंखाची मागची कड दुमडलेली असते, त्या दुमडीत हे आकडे अडकतात, ब्लाऊजच्या हुकांची पट्टी असते ना तसं. एकदा अडकले की दोन्ही पंख मिळून एक पाखा होतो आणि एकदमच हलतो. म्हणून उडताना किंवा बसलेली असताना वरून फोटो काढला तर दोनच पंख दिसणार. त्यामुळे "दोन दिसले" एवढ्यावर माशी म्हणता येत नाही.

मग बघायचं काय? माशीच्या गणात मागचे पंख नुसते लहान झालेले नाहीत, ते पंख उरलेच नाहीत. त्या जागी टाचणीसारखा एक छोटा दांडा असतो, टोकाला गोटी. त्याला हॅल्टियर म्हणतात. उडताना ही गोटी पंखाच्या उलट तालात वरखाली होते आणि शरीर कुठे कललं, वळलं हे माशीला तिच्यावरून कळतं. म्हणूनच माशी हवेत एका क्षणात वळते आणि आपला हात रिकामा येतो. गांधीलमाशीकडे हा दांडा नसतो. तो दिसला तर माशी, मग अंगावर कितीही पिवळे पट्टे असू देत.

तुमचा दुसरा फोटो, बाजूचा, तो मी मोठा करून बघितला. पंखाच्या मुळाच्या मागे, कंबर सुरू होते त्याच्या जरा वर, एक फिकट पिवळा ठिपका दिसतोय. मला तो हॅल्टियर वाटतोय पण पाण्याचा थेंब किंवा परागकण पण असू शकतो. अजून जवळचा फोटो मिळेल का?

घोडबंदरची_मेधा

जवळ गेलं की उडतो हो. आणि मला भीती पण वाटते, उद्या खरंच गांधीलमाशी निघाली तर?

भिंगवाला

भीती वाटणं बरोबर आहे, म्हणून हात लावायचाच नाही. सकाळी लवकर, ऊन यायच्या आधी, किडे सुस्त असतात. मंजिरीवर बसला की वरून काचेचा ग्लास अलगद ठेवा, खालून जाड पुठ्ठा सरकवा. मग तो ग्लास पुठ्ठ्यासकट फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात, चार-पाच मिनिटं. फ्रीजर नको, तिथे मरेल. बाहेर काढून पांढऱ्या कागदावर ठेवलात की दोनेक मिनिटं तो हलत नाही, तेवढ्यात मोबाईलने बाजूने चार-सहा फोटो काढा. मोबाईल फार जवळ नेऊ नका, फोकस सुटतो, थोडा लांबून काढून नंतर कापा. काम झालं की कागद तसाच बाल्कनीत ठेवून द्या, उब मिळाली की आपला आपण उडून जाईल.

फोटो तीन हवेत. पंखाच्या मुळाचा बाजूने, तोंडाचा बाजूने, आणि मिशांचा समोरून.

आणि सुशांत, माशी चावत नाही हे मात्र सोडून दे. डास माशीच्याच गणातला आहे, त्यालाही दोन पंख आणि दोन गोट्या. गुरांना चावणारी गोमाशी पण तीच, तिच्या तोंडात तर कापायची पातीच असतात. घरातली माशी स्पंजसारख्या गादीने चाटते, डास सुई टोचतो, दोघांचा गण एक. तोंडावरून माशी ओळखायला गेलं तर असा घोळ होतो, पंखावरून होत नाही.

पेरूबाग_मुरबाड

माझा पण हाच प्रॉब्लेम आहे. मुरबाडला थोडी जागा आहे, पेरूची झाडं लावलीत. पेरूवर अशीच पिवळसर गांधीलमाशी बसते, मागे डंख असतो, आणि नंतर पेरू कापला की आत अळ्या. गांधीलमाशीची पोळी शोधून जाळली तरी फरक नाही. कोणतं औषध मारावं ते सांगा.

भिंगवाला

काका, पोळी जाळू नका, तिचा यात काही संबंध नाही. तुमची ती फळमाशी. अंग पिवळसर तपकिरी, पंख काचेसारखे आणि कडेला गडद पट्टी, मागे टोकदार शेपूट, त्यामुळे गांधीलमाशीसारखी वाटते. पण ते टोक डंख नाही, अंडी घालायची नळी आहे, फक्त मादीला असते, ती सालीत खुपसून आत अंडी सोडते. तुम्हाला टोचणार नाही. हिलाही पंख दोनच, मिशा बघाल तर अगदी बुटक्या, वर एक केस.

मिथाइल युजेनॉलचे सापळे कृषी केंद्रात मिळतात, ते लावा, पण त्यात फक्त नर येतात, तेव्हा पडलेली आणि किडलेली फळं रोज गोळा करून खोल पुरणं तितकंच गरजेचं, नाहीतर त्यातल्या अळ्या मातीत जाऊन कोश करतात आणि परत माश्या. आणि गांधीलमाशी बागेतल्या अळ्या उचलून नेते, तिला मारून तुमचंच नुकसान.

पेरूबाग_मुरबाड

अरे देवा, गेल्या वर्षी तीन पोळी जाळली. बरं, सापळे आणतो.

खारघर_वैशाली

मेधाताई तुमच्या धाग्यात घुसतेय, सॉरी, पण विषय निघालाच आहे तर. खारघरच्या टेकडीवर सकाळी फिरायला जातो आम्ही, तिथे एका झुडपावर दहा-बारा भुंगे एकत्र बसलेले, हिरवे चमकदार, त्यावर निळेकाळे ठिपके, दागिन्यासारखे. मी सगळ्यांना सांगितलं ज्वेल बीटल. मैत्रिणीने बोट लावलं तर हाताला घाण वास, दोनदा साबण लावला तरी जाईना. बीटलला असा वास असतो का? फोटो देतेय. त्यांच्यात काही लहान, बिनपंखी पण होते, त्यांचे रंग वेगळे.

सानपाडा_सुशांत

हो ज्वेल बीटलच. पाठ कडक आणि गोल, कवच आहे, म्हणजे भुंगा. इथे तर शंकाच नाही.

भिंगवाला

शंका आहे ना. फोटोत पाठीवर मधोमध रेघ शोधा.

भुंगेऱ्याचे पुढचे दोन पंख कडक झालेले असतात, ते पाठीवर दोन झडपांसारखे मिटतात आणि मध्ये सरळ उभी फट राहते, कपाटाचे दोन दरवाजे बंद केल्यावर राहते तशी. उडायचं झालं की दोन्ही दरवाजे उघडतात आणि आतून घडी घातलेले पातळ मागचे पंख बाहेर येतात. काजवा घ्या, ढालकिडा घ्या, पहिल्या पावसात दिव्यावर धडपडणारे भुंगेरे घ्या, ही रेघ सगळ्यांना. वैशालीताईंच्या फोटोत पाठ सलग आहे, रेघच नाही. कारण ते पंख नाहीतच. पाठीचा एक त्रिकोणी तुकडा असतो तो या किड्यात वाढून वाढून अख्खं पोट झाकतो, पंख त्याच्या खाली असतात. ही ढेकणाच्या गणातली मंडळी, क्रायसोकोरिस किंवा त्याच्या जवळचं काहीतरी.

खात्री करायची तर पुढच्या वेळी एक काचेच्या बाटलीत घ्या आणि खालून बघा. भुंगेऱ्याला समोर चिमट्यासारखे जबडे दिसतील, आडवे उघडणारे. याला जबडे नाहीत. डोक्याच्या पुढच्या टोकाखालून एक सरळ नळी निघते आणि पायांच्या मधून छातीला चिकटून मागे पडलेली असते, खिशाला पेन अडकवावं तशी. खाताना ती खाली करून झाडात टोचतो आणि रस ओढतो. पान कुरतडणं त्याला शक्यच नाही. मिशाही मोजता येतात, चार-पाच लांब पेरं असतात, भुंगेऱ्याला बहुतेक अकरा.

वास तर त्यांचाच. आणि ती बिनपंखी पिल्लं, ती बघूनच मला अर्धी खात्री झाली. भुंगेऱ्याचं पिल्लू म्हणजे अळी, हुमणी बघितली असेल शेतात, आईबापांशी काही साम्य नाही. ढेकणाचं पिल्लू लहानपणापासून ढेकणासारखंच, फक्त पंख नसतात. एकाच फांदीवर आईबाप आणि तशाच ठेवणीची बिनपंखी पोरं दिसली तर भुंगेरा नाही.

खारघर_वैशाली

अय्या, म्हणजे मी सहा महिने लोकांना चुकीचं सांगत होते. आता परत जाऊन बाटलीतून बघते. पण आपल्याकडे भुंगा म्हणजे तो काळा, बांबूत भोकं पाडणारा, तो बीटलच ना?

भिंगवाला

तोच तर आपल्या भाषेतला घोळ आहे. बांबूत भोक पाडणारा काळा भुंगा मधमाशीचा भाऊबंद, चार पातळ पंख, हुकांनी जोडलेले. शेतकरी ज्याला भुंगेरा म्हणतो तो वेगळा, कडक पंखांचा. तसंच माशी हा शब्द. मधमाशी, गांधीलमाशी या माश्या नाहीत. जास्वंदीच्या पानाखाली असते ती पांढरी माशी तर ढेकणाच्या गणात, तिला चार पंख आणि टोचायची नळी. नावावर विश्वास ठेवायचा नाही, किडा उलटा करून बघायचा.

ऐरोलीकर

मी पण एक टाकतो. ऐरोलीला खाडीच्या बाजूला गवतावर दिवसाढवळ्या संथ उडणारी, काळं अंग, पिवळे पट्टे, पंख काळे पण त्यात पारदर्शक खिडक्या. मिशा लांब, टोकाला पांढऱ्या. हळू उडते, हातावर पण बसली, काही केलं नाही. ही कुठली गांधीलमाशी?

सानपाडा_सुशांत

पतंग असता तर मिशा पिसासारख्या असत्या, या धाग्यासारख्या आहेत, म्हणून पतंग नाही. आणि दिवसा उडते. यावेळी मी गांधीलमाशी म्हणणार नाही, भिंगवाला काका सांगतील.

भिंगवाला

पतंगच आहे. अमाटा नावाचा गट आहे, त्यातला.

सुशांत, पिसासारख्या मिशा रेशमाच्या पतंगाच्या नराला असतात, मादीचा वास लांबून पकडायला जास्त जागा लागते म्हणून. पण बऱ्याच पतंगांच्या मिशा साध्या दोऱ्यासारख्या असतात. आणि उलट, डासाच्या नराच्या मिशा बघ, बाटली धुवायच्या ब्रशसारख्या झुपकेदार, तो त्यांनी मादीच्या पंखांचा आवाज ऐकतो. म्हणजे झुपकेदार मिशी म्हणजे पतंग हे पण नाही आणि साधी मिशी म्हणजे पतंग नाही हे पण नाही.

ऐरोलीकर, त्या पंखाचा काळा भाग भिंगाने बघा. कौलांसारखी एकावर एक बसलेली खवल्यांची रांग दिसेल, बोट फिरवलं तर काळी पूड हाताला येते. खिडकीच्या जागी खवले नाहीत म्हणून आरपार दिसतं. गांधीलमाशीच्या पंखावर अशी पूड कधीच येत नाही. तोंडाखाली घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड असेल. गांधीलमाशीला तिथे जबडे असतात, लाकडी खिडकी खरवडून त्याच लगद्याचं ती पोळं बांधते, ते काम सोंडेने होत नाही. मागचा पंख मात्र अमाटाचा खूपच लहान असतो, त्यामुळे लांबून दोनच वाटतात.

ऐरोलीकर

पूड आली! बोटाला काळं लागलं. जरा वाईट पण वाटलं त्याचे खवले काढल्याचं.

एक विचारू का, मग बाथरूमच्या टाइल्सवर ती इवलीशी राखाडी, केसाळ, पंख छपरासारखे करून बसते, ती पण पतंगच ना? आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरात आहे.

भिंगवाला

ती माशी. गटारमाशी म्हणा. पंख दोनच, केसाळ आहेत म्हणून पतंग वाटते. मोरीच्या जाळीखालच्या चिकट थरात तिच्या अळ्या वाढतात, ती जाळी काढून ब्रशने घासलीत की आठवड्याभरात कमी होतील.

घोडबंदरची_मेधा

जमलं!! सकाळी साडेसहाला ग्लास लावला, नवरा पुठ्ठा घेऊन उभा, मुलगा घड्याळ घेऊन. बरोब्बर पाच मिनिटं फ्रीजमध्ये. सहा फोटो देतेय. चौथा बघा, पंखाच्या मागे एकदम स्पष्ट, पिवळी गोटी आणि खाली बारीक दांडा. माझ्या मुलाने उडीच मारली. दुसऱ्या बाजूला पण तशीच आहे.

मिशांचा फोटो पण आलाय पण त्या लांब आहेत. तुम्ही वर म्हणालात माशीच्या मिशा बुटक्या असतात. मग?

भिंगवाला

दोन्ही बाजूंना गोटी आहे, तेव्हा माशी. सोसायटीला निर्धास्त सांगा.

मिशांबद्दल बरोबर पकडलंत. घरातली माशी, फळमाशी, यांच्या मिशा बुटक्या, तीन पेरांच्या, वर केस. पण गांधीलमाशीचं सोंग घेणाऱ्या काही माश्यांच्या मिशा लांब झाल्यात, कारण सोंग पुरं व्हायला मिशा पण हव्यात. ज्यांच्या मिशा लांब नाहीत त्यातल्या काही पुढचे दोन पाय वर करून मिशांसारखे हलवतात. खऱ्या गांधीलमाशीच्या मिशीला कोपरासारखा बाक असतो आणि पेरं सुटी सुटी मोजता येतात, मादीला बारा, नराला तेरा. तुमच्या फोटोत मला तीनच मोठे भाग दिसतात आणि टोकाला बारीक काटा.

अजून एक. गांधीलमाशी आणि कुंभारीण बसली की पुढचा पंख लांबीत मधोमध दुमडते, त्यामुळे तो पट्टीसारखा अरुंद दिसतो. तुमच्या किड्याने पंखाची पुढची कड गडद करून ती दुमडल्यासारखी नुसती रंगवलीये. पहिला फोटो बघा, कड तपकिरी आणि बाकीचा पंख फिकट. लांबून बघणाऱ्याला दुमडलेला वाटतो.

माझ्या मते ही फुलमाशी, सिर्फिड, त्यातला लांब मिशांचा गट.

तन्वी_कोपरी

भिंगवाला सर, इथे मी असहमत. झूलॉजीला आहे, माश्यांवरच प्रोजेक्ट चालू आहे म्हणून बोलते. मला ही कोनोपिड वाटते. डोकं छातीपेक्षा रुंद आहे आणि पोटाचं टोक खाली वळलंय. या माश्या उडत्या मधमाशीला किंवा गांधीलमाशीला पकडून तिच्या पोटात अंडं घालतात, अळी आतून खाते. तिसऱ्या फोटोत तोंडातून एक काळी बारीक काडी पुढे आल्यासारखी वाटते. सिर्फिडचं तोंड असं नसतं, आखूड आणि टोकाला गादी.

भिंगवाला

ती काडी मला मंजिरीचा देठ वाटला होता. आता परत बघतो तर तुझं पण म्हणणं पटतंय. पण पोट वळलेलं थंडीमुळे पण असू शकतं, पाच मिनिटं फ्रीजमध्ये होती. पंखाच्या शिरा दिसल्या असत्या तर एका मिनिटात कळलं असतं, सिर्फिडच्या पंखात मधोमध एक खोटी शीर असते, कुठेच न जोडलेली. कोनोपिडला ती नाही. मेधाताई, पंख उजेडाच्या समोर धरून काढलेला फोटो आहे का?

घोडबंदरची_मेधा

नाही हो, तेवढ्यात ती जागी झाली आणि गेली. सहाव्या फोटोत पंख आहे पण सावली पडलीये.

तन्वी_कोपरी

सहाव्यात मला खोटी शीर दिसत नाही, पण सावलीत दिसणार पण नाही. मी हट्ट करत नाही. परत आली तर मागून ऊन असताना काढा.

सानपाडा_सुशांत

मी पहिल्या दिवशी शंभर टक्के म्हणालो होतो, चुकलो. ताई, मुलाला सॉरी सांगा माझ्यातर्फे. पण एक सांगा, गोटी बघायला मला कुठली माशी सोपी? घरातल्या माशीला बघितलं, काहीच दिसलं नाही.

भिंगवाला

घरमाशीला पंखाच्या मुळाशी एक पांढरट पडदा असतो, गोटी त्याच्या खाली झाकली जाते. लांब पायांची, मोठ्या डासासारखी दिसणारी क्रेनफ्लाय रात्री भिंतीवर बसते बघ, पंख पसरून. तिच्या गोट्या भिंगाशिवाय दिसतात.

घोडबंदरची_मेधा

अपडेट. सेक्रेटरींना चौथा फोटो मोठा करून दाखवला, मुलाने स्वतः समजावलं. शनिवारची फवारणी सध्या थांबवलीये, दोन जणांना अजून पटलेलं नाही, ते म्हणतात पोळं शोधूनच घ्या. शोधू देत.

आणि आज जिन्यात, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपाशी एक खरी गांधीलमाशी मेलेली सापडली, मोठी, तपकिरी, पोटावर एक रुंद पिवळा पट्टा. चिमट्याने उचलून घरी आणली, मागच्या टोकाला हात लावला नाही. मुलगा आणि मी टेबलावर दिवा लावून बसलो, त्याच्या आजोबांचं घड्याळ दुरुस्तीचं भिंग होतं ते काढलं. मिशीची पेरं मोजली, मुळापासून धरून बारा भरली. मग सुईने पुढचा पंख हळूच वर उचलला तर मागचा पण त्याच्याबरोबर वर आला. थोडं ओढल्यावर टक करून सुटला, आणि मागच्या पंखाच्या कडेवर ती आकड्यांची ओळ दिसली, उजेडात सोनेरी, एवढी बारीक. मुलगा म्हणाला परत अडकव. अर्धा तास प्रयत्न केला, आमच्याकडून काही अडकले नाहीत.